टेम्पो रिकामा परत गेला

संस्था शाळेत येते त्या दिवशी नारळ फुटतो, फीत कापली जाते, सरपंचांचं भाषण होतं आणि मुलांना जिलेबी मिळते. ती जाते त्या दिवशी फक्त टेम्पो येतो. केंद्रप्रमुख म्हणून नोकरी करताना वाचनाचे, गणितपेटीचे, हात धुण्याचे, टॅबचे असे कितीतरी उपक्रम मी शाळांत येताना आणि शाळांतून जाताना पाहिले. येण्याचे फोटो प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आहेत. जाण्याचा कागद मात्र फार थोड्या शाळांच्या कपाटात सापडेल.

त्यातला एक निरोप मला तपशिलात आठवतो, कारण तो पहिल्या दिवशी फसला. बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट दीडशेच्या आत. नाव देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून आकडेही थोडे इकडेतिकडे केले आहेत. एका संस्थेने तिथे तीन वर्षं वाचनालय चालवलं होतं. करार पुढे न्यायचा नाही असं शाळेने ठरवलं, पत्रं गेली, सगळं गोडीत झालं. ठरलेल्या दिवशी सकाळी साडेदहाला संस्थेचा टेम्पो दारात उभा राहिला, सोबत समन्वयक दादा, पंचविशीतला मुलगा. दुपारी दीड वाजता तो टेम्पो रिकामा परत गेला.

भांडण कुणाचंच नव्हतं. मुख्याध्यापक मॅडमनी यादी पडताळायला जडवस्तू संग्रह नोंदवही उघडली. हिलाच सगळे शिक्षक डेडस्टॉक म्हणतात. त्यात आधीच्या गुरुजींच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: ‘टॅब, नग 8’. संस्थेच्या यादीत तेच आठ टॅब ‘वापरासाठी दिलेले, परत घेणे’ असे होते. मॅडमनी वही मिटली आणि म्हणाल्या, “दादा, हे मला देता येणार नाहीत. तुमचे आहेत हे मला माहीत आहे. पण वहीत ते जिल्हा परिषदेचे आहेत.”

डेडस्टॉकला चढलेली वस्तू मुख्याध्यापकाच्या मर्जीची राहत नाही, हे शाळेबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. मोडकी खुर्चीसुद्धा फेकून देता येत नाही. ती निर्लेखित करावी लागते, म्हणजे तपासून, मंजुरी घेऊन वहीतून कमी करावी लागते. तोवर ती खुर्ची तीन पायांवर व्हरांड्यात उभी असते. लेखापरीक्षणाला माणूस आला की वहीतली ओळ वाचतो आणि वस्तू दाखवा म्हणतो. आठ टॅब दाखवता आले नाहीत तर वसुली मुख्याध्यापकाच्या पगारातून निघण्याची भीती असते. मॅडम अडून बसल्या नव्हत्या, त्या आपला पगार सांभाळत होत्या. गुरुजींचाही हेतू वाईट नव्हता. शाळेत काही आलं की वहीत लिहायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. कुणाच्या मालकीचं, हा रकाना त्या वहीत नसतोच.

संस्थेकडून शाळेत येणाऱ्या वस्तू खरं तर तीन जातींच्या असतात. काही कायमच्या दिलेल्या, त्यासोबत देणगीपत्र येतं. काही वापरायला दिलेल्या, त्या परतीच्या बोलीवर असतात. उरलेल्या संपणाऱ्या: खडू, रंग, सरावाचे कागद, अक्षरपट्ट्या. या तिसऱ्या जातीचा हिशेब शेवटी कुणी मागू नये आणि देऊही नये. गोंधळ होतो तो पहिल्या दोन जातींत, कारण टेम्पोतून उतरताना सगळी खोकी सारखीच दिसतात, सगळ्यांसोबत एकच डिलिव्हरी चलान असतं आणि शिपाई ‘माल मिळाला’ म्हणून सही करतो. चलान हे फक्त पोच सांगतं, मालकी नाही.

या शाळेत तिन्ही प्रकारचा घोळ होता. पहिल्या वर्षी 400 पुस्तकं देणगीपत्रासह आली होती. दुसऱ्या वर्षी आणखी 212 आली, त्यांच्याबरोबर फक्त चलान. ती ना डेडस्टॉकला होती, ना ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत. म्हणजे कागदावर 212 पुस्तकं कुणाचीच नव्हती. आणि जे टॅब परत द्यायचे, नेमके तेच तेवढे काटेकोरपणे शाळेच्या नावावर चढलेले. दादाने कपाळाला हात लावला आणि टेम्पोवाल्याला दिवसाचं भाडं मोजलं.

आता करार संपवायचा निर्णय का झाला, ते सांगितलं पाहिजे. गावात चर्चा झाली की काहीतरी बिनसलं. बिनसलं काहीच नव्हतं. अशा उपक्रमांचं आयुष्य बहुधा तीन-चार वर्षांचंच असतं, आणि त्याला पैशाच्या कायद्याचंही कारण आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. यालाच सगळे सीएसआर म्हणतात. कंपनीने एखादं काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून घेतलं तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांची मुदत नियमात आहे. ती संपली की संस्था नवा देणगीदार शोधते. नव्याला बहुधा नवं काहीतरी हवं असतं. इथे वाचनालयासाठीची मदत संपत होती आणि संस्थेने पुढच्या तीन वर्षांसाठी वेगळाच प्रस्ताव आणला होता: पडद्यावरचे धडे आणि दर महिन्याला एक चाचणी.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत त्यावर दीड तास बोलणं झालं. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. एरवी सभेची वही सह्यांसाठी घरोघर फिरते हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी लोक खरोखर आले होते. मॅडमनी हिशेब मांडला. शासनाच्या निपुण अभियानात दुसरी-तिसरीच्या मुलांच्या वाचन-गणिताच्या पडताळण्या आधीच आहेत. संस्थेची चाचणी वेगळी, तिचा नमुना वेगळा, तिची माहिती भरायचं ॲप वेगळं. तेच मूल, तोच उतारा वाचण्याचं तेच काम, आणि नोंद दोनदा. समितीचे अध्यक्ष आबा म्हणाले, “पुस्तकं चांगली होती. पोरं वाचत होती. आता हे जे दुसरं आणताय ते आम्हाला नको. नको म्हणजे राग नाही.” ठराव झाला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. ‘राग नाही’ हे शब्द ठरावात आले नाहीत, पण मॅडमनी ते नंतरच्या पत्रात बरोबर उतरवले.

इथे एक मर्यादा आहे. शाळेला असा करार स्वतः संपवता आला, कारण जिल्ह्याने संस्थेला फक्त काम करायची परवानगी दिली होती आणि करार शाळेशी वेगळा झाला होता. पुष्कळ मोठे उपक्रम राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या सामंजस्य कराराने येतात. तिथे एकट्या शाळेला ‘आम्ही थांबतो’ म्हणता येत नाही. समितीचा ठराव जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं, निर्णय वर होतो. आपल्या शाळेचा उपक्रम कोणत्या कागदाने आला, हे न पाहता थेट संस्थेला नकाराचं पत्र धाडणाऱ्या मुख्याध्यापकांना नंतर पंचायत समितीत खुलासा लिहीत बसलेलं मी पाहिलं आहे.

करारात 30 दिवसांच्या नोटिशीची अट होती. पत्र फेब्रुवारीच्या शेवटी गेलं, म्हणजे मुदत 31 मार्चच्या आसपास भरत होती. संस्थेला ते सोयीचं, कारण तिचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, ताईंचं मानधन तिथवरच मंजूर, देणगीदाराला खर्चाचा दाखला त्या तारखेपर्यंतचा द्यायचा. शाळेचं वर्ष मात्र एप्रिलअखेर संपतं, निकाल त्यानंतर. कागदावर दोन्ही वर्षं शेजारी बसतात, प्रत्यक्षात मध्ये महिनाभराची फट राहते. आणि बीडमध्ये या महिन्याला आणखी एक अर्थ आहे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये, पट्टा पडला की, गावाकडे फिरतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहून शाळा करतात, पण काही आईबापांबरोबर जातात, आणि जाताना दप्तरात वाचनालयाचं पुस्तकही जातं. 31 मार्चला मोजणी बंद केली असती तर कोपीवर असलेलं प्रत्येक पुस्तक ‘गहाळ’ ठरलं असतं.

मॅडमनी दोन तारखा मागून घेतल्या. काम बंद 31 मार्चला, वस्तूंची देवघेव 30 एप्रिलपर्यंत. दादाने वरिष्ठांना विचारून ते लेखी दिलं. सबंध निरोपातलं सगळ्यात शहाणपणाचं काम मला हेच वाटतं, आणि ते दोन ओळींच्या ईमेलमध्ये झालं. टेम्पो मात्र त्याच्या आधीच, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टॅब न्यायला आला होता.

मोजणी सहावी-सातवीच्या मुलांनी केली. दाखल क्रमांकाने पुस्तकं काढायची, एकाने आकडा म्हणायचा, दुसऱ्याने यादीवर टिंब द्यायचं. पहिल्या फेरीत 612 पैकी 574 चांगली मिळाली, 17 फाटलेली आणि 21 जागेवर नाहीत. दादाला 17 फाटलेल्यांचं वाईट वाटलं. मला नाही वाटलं. लहान मुलांच्या वाचनालयात पुस्तकं झिजतात. तीन वर्षांनी सगळीच्या सगळी कोरी सापडली तर कुलूप कुणाकडे होतं ते आधी विचारावं. फाटलेली 17 कोणती, हे मॅडमनी वेगळं लिहून काढलं. त्यात वाघाची, भुताची आणि एक आजीच्या चष्म्याची गोष्ट होती, आणि हीच पुस्तकं देवघेवीच्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेली होती. म्हणजे पुढे शाळेने स्वतःच्या पैशातून काय घ्यायचं, त्याची यादी फाटक्या पुस्तकांनीच करून दिली. उलट 30-40 पुस्तकं अशी निघाली, की त्यांची पानं एकमेकांना चिकटलेली होती. जाडजूड, बारीक टाइपाची, थोरामोठ्यांच्या चरित्रांची. ती शहरातल्या कुणीतरी निवडली होती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

हरवलेल्यांसाठी दंड लावायचा नाही असं ठरलं. दंडाची भाषा निघाली की पुस्तक शाळेत येण्याऐवजी चुलीत जातं. परिपाठाला तीन आठवडे रोज एवढंच सांगितलं, की घरी पुस्तक असेल तर आणा, फाटलेलं असलं तरी आणा. दारात एक खोकं ठेवलं, म्हणजे कुणाच्या हातात द्यावं लागू नये. 30 एप्रिलपर्यंत 13 आली. आठ राहिली.

दुसऱ्या वर्षीच्या बेवारशी 212 पुस्तकांचा प्रश्न सोपा निघाला. संस्थेला ती परत नको होती. नेली तर ठेवायची कुठे आणि वाहतूक कोण भरणार? दादाने मागच्या तारखेचं देणगीपत्र करून देतो म्हटलं. मॅडम म्हणाल्या, “मागची तारीख नको. आजचीच घाला.” आजच्या तारखेचं देणगीपत्र, त्यात पुस्तकांची यादी आणि ‘सदर पुस्तकं अमुक महिन्यापासून शाळेच्या वापरात आहेत’ हे एक वाक्य. मग ती दाखल नोंदवहीत चढली. मागची तारीख घालण्याचा मोह या कामात पावलोपावली होतो आणि लेखापरीक्षकाला ती कागदाच्या रंगावरून कळते.

टॅबची गाठ सोडवायला 19 दिवस लागले. वहीतली ओळ खोडायची नव्हती, पान फाडायचं नव्हतं, पांढरा रंग तर मुळीच लावायचा नव्हता. संस्थेने टॅब देताना केलेलं मूळ पत्र दादाने कार्यालयातून शोधून आणलं. त्यात ‘उपक्रमाच्या कालावधीत वापरासाठी’ असे शब्द होते आणि आठही टॅबचे आयएमईआय क्रमांक होते. ते क्रमांक नसते तर हेच ते टॅब, हे सिद्ध करता आलं नसतं. त्या पत्राची प्रत, समितीचा ठराव आणि ‘नोंद नजरचुकीने झाली’ असा मॅडमचा अहवाल गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला. मंजुरीचं पत्र आलं, त्याचा जावक क्रमांक लाल शाईने त्या ओळीसमोर शेऱ्याच्या रकान्यात चढला: संस्थेची मालमत्ता, परत केली. जुनी ओळ तशीच दिसते, वाचता येते. बरोबर नोंद अशीच असते.

कुणी म्हणेल, आठ टॅब, सोडून द्यायचे संस्थेने. ते तिच्याही हातात नव्हतं. सीएसआरच्या पैशातून घेतलेली टिकाऊ वस्तू कुणाच्या नावावर राहू शकते, हे 2021 च्या सुधारित नियमांत ठरवून दिलं आहे: नोंदणीकृत सेवाभावी संस्था, लाभार्थ्यांचे गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण. जिल्हा परिषदेची शाळा त्यात बसते, म्हणजे टॅब शाळेला देता आले असते. पण तसं द्यायचं तर कंपनीची संमती आणि हस्तांतराचा कागद लागला असता, आणि हे टॅब पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात जायचे आधीच ठरले होते. संस्थेच्याही घरी एक डेडस्टॉक असतो आणि तिचाही लेखापरीक्षक आयएमईआय क्रमांक विचारतो.

टॅब परत देण्यात आणखी एक फट असते, ती तांत्रिक आहे. मुलांचे फोटो, आवाज सगळं पुसून द्यावं म्हणून शाळा भाबडेपणाने टॅब रीसेट करून टाकते. टॅबमधलं गूगल खातं आधी काढलेलं नसेल, तर तो पुन्हा सुरू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही. चोरीला गेलेला फोन वापरता येऊ नये म्हणून केलेली ही सोय इथे उलटते. खातं उघडणारी ताई संस्था सोडून गेलेली असली की टॅब म्हणजे पाटी. म्हणून क्रम असा: आधी लागेल ते उतरवून घ्यायचं, मग सेटिंगमध्ये जाऊन खातं काढायचं, मग रीसेट, मग टॅब चालू करून तो पासवर्ड न मागता पहिल्या पडद्यावर येतो का ते दोघांनी मिळून बघायचं. सिमकार्ड असेल तर तेही बाहेर काढायचं. आठांपैकी सहा सुरळीत निघाले. एकाची काच तडकलेली होती. आठवा टेबलावर ठेवला की डुलत होता.

डुलणारा टॅब म्हणजे फुगलेली बॅटरी. मागचं झाकण एका कडेने उचललेलं दिसतं, पडद्यावर बोट दाबलं तर रंग पसरल्यासारखे होतात. तो चार्ज करायचा नाही, झाकण दाबून बसवायचं नाही आणि इतर सात जणांबरोबर खोक्यात कोंबून उन्हातल्या टेम्पोत तर अजिबात टाकायचा नाही. बॅटरी फुटली तर आग लागते. मॅडमनी तो पत्र्याच्या डब्यात, सुट्या वाळूवर ठेवून दिला. दादा तो मोटरसायकलवर न्यायला निघाला होता, त्याला थांबवलं. शेवटी सेवा केंद्राशी बोलून तो वेगळा गेला. तडकलेली काच आणि ही बॅटरी ‘वापरातली झीज’ म्हणून पावतीत लिहिली गेली. भरपाईचा विषय निघाला नाही, कारण करारातच तसा शब्द होता. तो शब्द नसता तर दोघांचीही चांगुलपणाची परीक्षा झाली असती.

वस्तूंच्या मागोमाग माहिती. तीन वर्षांत संस्थेकडे मुलांची नावं, जन्मतारखा, वाचनाच्या चाचण्यांचे गुण, ध्वनिमुद्रणं आणि शेकडो फोटो जमले होते. पहिल्या वर्षी कुणीतरी उत्साहात आधार क्रमांकांची यादीही देऊन टाकली होती, ती द्यायलाच नको होती. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची पडताळलेली संमती लागते. मॅडमना कायद्याचं कलम पाठ नव्हतं, पण त्यांनी पत्रात तीन गोष्टी साध्या शब्दांत मागितल्या. प्रत्येक मुलाच्या प्रगतीची नोंद शाळेला द्या. नावांशिवायचे एकत्रित आकडे अहवालासाठी ठेवा. बाकीचं पुसून टाकल्याचं लेखी कळवा. फोटोंबद्दल तडजोड झाली. छापून झालेल्या अहवालातले राहतील, नवीन कुठे वापरणार नाहीत.

आता आभाराचं पत्र. शाळेच्या संगणकात अशा पत्राचा साचा असतो: आपल्या बहुमोल सहकार्याने शाळेचा सर्वांगीण विकास झाला, आम्ही आपले ऋणी आहोत. हेच पत्र पाण्याच्या टाकीला, वह्यावाटपाला आणि वृक्षारोपणालाही चालतं. दादाने संकोचत विचारलं, “मॅडम, सगळी मुलं वाचायला लागली असं लिहाल का? वर द्यायचं असतं.” मॅडम म्हणाल्या, “सगळी नाही लागली. सहा जणांचं अजून अडतं. ते लिहू का?” दादा हसला. पत्र शेवटी असं झालं:

‘आपल्या संस्थेने तीन वर्षं आमच्या शाळेत वाचनालय चालवलं. देवघेवीच्या वहीप्रमाणे शेवटच्या वर्षी पहिली आणि दुसरीच्या वर्गातूनही दर आठवड्याला पुस्तकं घरी जात होती, यापूर्वी तसं कधी झालं नव्हतं. शनिवारच्या प्रकट वाचनाचा तास शाळा यापुढे स्वतः चालू ठेवणार आहे. शाळा व्यवस्थापन समितीने करार पुढे न वाढवण्याचा निर्णय शाळेच्या वेळापत्रकामुळे घेतला आहे, कामाबद्दल तक्रार म्हणून नव्हे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतानाही आपले कार्यकर्ते पायी येत, हे गावाच्या लक्षात आहे.’

‘तक्रार म्हणून नव्हे’ हे शब्द दादाने दोनदा वाचले. संस्थेच्या बाजूने पाहिलं तर पत्रातली सगळ्यात किमती ओळ तीच असते. शाळेने करार थांबवला एवढंच जिल्ह्यात पसरलं तर शेजारच्या शाळा दार उघडताना विचार करतात. अर्थात तक्रार असेल तर हे वाक्य खोटं लिहू नये. मग आभार वेगळे आणि तक्रार वेगळ्या पत्रात, योग्य त्या अधिकाऱ्याकडे.

या सगळ्यात ताईकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ताई म्हणजे गावातलीच बारावी झालेली सून. संस्थेच्या मानधनावर तीन वर्षं वाचनालय तिनेच चालवलं. 31 मार्चला मानधन थांबलं, पण किल्ली तिच्याकडे होती आणि एप्रिलभर मुलं पुस्तकं आणून तिच्याच घरी देत होती. त्या महिन्याचे पैसे द्यायला संस्थेला शीर्ष नव्हतं, शाळेलाही नव्हतं. खटपटीनंतर संस्थेने अर्ध्या महिन्याचे दिले. मला ते अपुरं वाटलं आणि अजूनही वाटतं. अनुभवाचं प्रमाणपत्र मात्र दोघांनीही दिलं. संस्थेच्या प्रमाणपत्रात ‘समुदाय ग्रंथपाल’ असं पद होतं, शाळेच्या पत्रात तारखा आणि कामाचं वर्णन. पुढे अंगणवाडी मदतनीस किंवा दुसऱ्या संस्थेत अर्ज करताना तिला या दोन कागदांखेरीज दाखवायला काहीच नव्हतं.

किल्ली देताना तिने एक वही काढली. ती कुठल्याच यादीत नव्हती. प्रत्येक मुलाला एक पान. ‘ण आणि न मध्ये अडतो, मोठ्याने वाचायला लाजतो, बैलाची गोष्ट पाठ.’ ‘घरी लाइट नाही, सकाळी लवकर येते.’ ‘चित्रं बघून गोष्ट सांगते, अक्षरं नाही बघत, फसू नका.’ वही संस्थेची की शाळेची, असा प्रश्न दादाने सवयीने विचारला. ताई म्हणाली, “माझ्या पैशाची आहे, सर. वीस रुपयांची.” मग मॅडमनी आणि दुसरीच्या वर्गशिक्षकांनी ताईला अर्धा दिवस बसवून घेतलं आणि तिच्याकडून एकेक पान समजून घेतलं. वही ताईकडेच राहिली. तीत घरच्या गोष्टीही होत्या, त्या उतरवून घेतल्या नाहीत.

संस्था गेल्यावर काय राहतं, याचं मोठं उदाहरण मध्य प्रदेशात आहे. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये 16 उच्च प्राथमिक शाळांत सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी शासनाच्या परवानगीने तो चालवला, पुढे 1982 पासून एकलव्यने. 2002 मध्ये शासनाने तो बंद केला. पण पुण्यातल्या टेल्को कंपनीतून 1978 मध्ये अभ्यासरजा घेऊन तिथे गेलेले अरविंद गुप्ता आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांपासून त्रिकोण-चौकोन करायला तिथेच लागले, आणि पुढे तीच खेळणी पुण्याच्या आयुकातून महाराष्ट्रभरच्या शाळांत पोचली. असं काही परत करण्याच्या यादीत लिहिता येत नाही. दादाला मी हे सांगितलं, तेव्हा तो पावतीवर टॅबचे क्रमांक जुळवत होता. “हो सर,” म्हणाला आणि पुढचा क्रमांक वाचला. बरोबरच होतं त्याचं.

टेम्पो दुसऱ्यांदा 29 एप्रिलला आला. सहा टॅब आणि तडकलेला सातवा, चार्जिंगची पेटी, संस्थेचे दोन फलक एवढं चढलं. आठव्यासाठी सेवा केंद्राची पोच जोडली. पावती दोन प्रतींत, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून आबांचा अंगठ्याशेजारी सहीचा प्रयत्न. पुस्तकं आणि लोखंडी रॅक राहिले. चहा झाला, नारळ दिला, मुलांनी दादासाठी केलेलं कागदी फुलांचं तोरण टेम्पोच्या आरशाला बांधलं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात कर्नाटकातल्या कारखान्यावरून उशिरा परतलेल्या एका घरातली चौथीची मुलगी दोन पुस्तकं घेऊन आली. पॉलिथीनमध्ये गुंडाळलेली होती. मॅडमनी दाखल नोंदवही काढली, ‘गहाळ’ लिहिलेल्या दोन क्रमांकांसमोर लाल शाईने ‘मिळाले’ लिहिलं आणि दुसऱ्यासमोर पुढे जोडलं: पान 7 वर तेलाचा डाग.